जादा ‘बट’ कुठून येतो?

बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ नावाचा प्रश्न असतो. दिलेलं वाक्य सूचनेप्रमाणे बदलून लिहायचं. समजा वाक्य आहे, ‘ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट’, आणि सूचना आहे, ‘दो’ने सुरुवात करा. पुष्कळ मुलं वाक्याच्या तोंडाशी ‘दो’ बसवतात आणि बाकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढतात : ‘दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.’ सूचना पाळली, अर्थ बदलला नाही, कानालाही काही खटकलं नाही. तरी मार्क जातो.

का गेला म्हणून विचारलं तर शिक्षक सांगतात, ‘दो’ आलं की ‘बट’ येत नाही. नियम खरा आहे, पण तो का आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि नंतर सुटतो. पुढे तीच मुलं मोठी होऊन नोकरीचे अर्ज, सोसायटीची पत्रं, ऑफिसातले ई-मेल लिहू लागतात आणि त्यांत ‘ऑल्दो… बट’, ‘बिकॉज… सो’, ‘डिस्पाइट ऑफ’ ही मंडळी पुन्हा हजर होतात. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यातल्या पहिल्या दोन तर मराठी वाक्याच्या घडणीतून सरळ इंग्रजीत उतरलेल्या असतात. ती घडण एकदा दिसली की नियम पाठ करावा लागत नाही.

आधी इंग्रजीला नेमकं काय खुपतं ते पाहू. त्यासाठी शाळेतलं मराठी व्याकरणच कामाला येतं. वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना आपण उभयान्वयी अव्ययं म्हणतो आणि त्यांचे दोन गट करतो. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ ही प्रधानत्वसूचक. ती दोन बरोबरीची वाक्यं जोडतात आणि संयुक्त वाक्य तयार होतं. ‘कारण’, ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ ही गौणत्वसूचक. त्यांच्यामुळे एक वाक्य मुख्य ठरतं, दुसरं त्याच्या आधाराने उभं राहतं आणि मिश्र वाक्य तयार होतं.

इंग्रजीतही हीच विभागणी आहे. ‘बट’ आणि ‘सो’ पहिल्या गटातले. ‘ऑल्दो’, ‘दो’, ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘ॲज’ दुसऱ्या गटातले. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ एवढं म्हटलं की इंग्रजी वाचक समजतो, हे गौण वाक्य झालं, आता मुख्य वाक्य येणार. आणि तिथे येतं ‘बट वुई वेन्ट’. ‘बट’ला आपल्या अलीकडे बरोबरीचं, स्वतंत्र वाक्य लागतं. अलीकडे तर ‘ऑल्दो’ने आधीच गौण करून ठेवलेलं वाक्य आहे. म्हणजे सुरुवात मिश्र वाक्याची आणि शेवट संयुक्त वाक्याचा, आणि मुख्य वाक्य कोणतं हे वाचकाला कळत नाही. ‘बिकॉज… सो’मध्ये हेच घडतं. एकच नातं दोनदा, तेही दोन वेगळ्या पद्धतींनी सांगितलेलं असतं.

मग आपल्याला ते का खटकत नाही? साधारण उत्तर असं दिलं जातं की मराठीत ‘जरी-तरी’, ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जिथे-तिथे’ अशा जोड्या असतात आणि आपण त्या इंग्रजीत नेतो. संस्कृतातले ‘यद्यपि-तथापि’ आणि ‘यदा-तदा’ याच घराण्यातले. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. कारण रोजच्या बोलण्यात आपण जोडी पुरी वापरतोच कुठे? ‘पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो’ असं म्हणतो. ‘जरी’ गायब. ‘पाऊस पडला तर येणार नाही.’ ‘जर’ गायब. ‘तो आला तेव्हा मी जेवत होतो.’ ‘जेव्हा’ गायब. ‘तू सांगशील तिथे येईन.’ ‘जिथे’ गायब. चारही वाक्यं पूर्ण आहेत आणि उलट जास्त सहज आहेत.

आता उलटं करून पाहा. ‘जरी पाऊस पडत होता, आम्ही गेलो.’ ‘जर पाऊस पडला, मी येणार नाही.’ ‘जेव्हा तो आला, मी जेवत होतो.’ ही वाक्यं अडखळतात. भाषांतर केल्यासारखी वाटतात, आणि बहुतेक वेळा ती तशीच असतात. म्हणजे मराठीच्या जोडीत पहिला शब्द ऐच्छिक आहे आणि दुसरा अत्यावश्यक. वाक्याचा सांधा ‘तरी’, ‘तर’, ‘तेव्हा’ यांच्यावर पेललेला असतो.

इंग्रजीत नेमकं उलट आहे. तिथे गौण वाक्य पुढे आलं की सांधा त्याच्या तोंडाशीच असतो, ‘ऑल्दो’ किंवा ‘बिकॉज’मध्ये. दोन वाक्यांच्या मधल्या जागी फक्त स्वल्पविराम. मराठी माणूस ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ लिहून त्या स्वल्पविरामापाशी पोचतो आणि त्याला तिथे पोकळी जाणवते. मराठीत याच जागी ‘तरी’ असतो आणि तो वगळण्याची सवलत कधीच नसते. मग तिथे जे जवळचं सापडतं ते तो भरतो, आणि हाताशी ‘बट’ असतो. तेव्हा जादा शब्द ‘बट’ दिसत असला तरी लिहिणाऱ्याच्या मनात तो जादा नसतो. त्याच्या मनात ‘ऑल्दो’ हा सजावटीचा आणि ‘बट’ हा कामाचा असतो.

‘बिकॉज… सो’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. मराठीतलं ‘कारण’ परिणामाच्या नंतर येतं : ‘आम्ही गेलो नाही, कारण पाऊस होता.’ ‘कारण पाऊस होता, आम्ही गेलो नाही’ असं वाक्य मराठीत चालत नाही. कारण आधी सांगायचं असेल तर आपण ‘म्हणून’ वापरतो : ‘पाऊस होता म्हणून आम्ही गेलो नाही.’ थोडक्यात, इंग्रजीतल्या वाक्यारंभीच्या ‘बिकॉज’ला मराठीत थेट जोडीदारच नाही. शाळेत ‘बिकॉज’ने वाक्य सुरू करायला शिकलो, पण कारण सांगून झाल्यावर मन ‘म्हणून’ची वाट पाहतं आणि हात ‘सो’ लिहून मोकळा होतो. शिवाय बोलताना आपण ‘का, तर पाऊस होता म्हणून’ किंवा ‘कारण पाऊस होता म्हणून’ असं दुहेरी बोलतोच. कोणाला ते चुकीचं वाटत नाही.

सरकारी मराठीने या सवयीला आणखी बळ दिलं आहे. आदेशांमध्ये ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ अशी वाक्यरचना असते आणि कायद्याच्या इंग्रजीतही ‘व्हेअरॲज… नाऊ, देअरफोर’ असा साचा टिकून आहे. तो वाचून वाचून अर्जात ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो काइंडली ग्रान्ट मी लीव्ह’ लिहिणं अगदी रीतसर वाटू लागतं.

ही अडचण फक्त मराठी माणसाची नाही. चिनी भाषेत ‘सुइरान… दानशी’ ही ‘जरी… पण’सारखी आणि ‘यिनवेई… सुओयी’ ही ‘कारण… म्हणून’सारखी जोडी आहे, आणि चिनी विद्यार्थी इंग्रजीत हुबेहूब याच चुका करतात. इतकंच काय, खुद्द इंग्रजीही एके काळी जोड्यांची भाषा होती. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळच्या गद्यात ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ या दोन्हींसाठी ‘था’ हा एकच शब्द दोन्ही वाक्यांच्या आरंभी येई. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘दो… येट’ आणि ‘बिकॉज… देअरफोर’ या जोड्या ठिकठिकाणी आहेत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरणही ‘दो… येट’ ही जोडी नोंदवतं. आजच्या इंग्रजीत ती जुनाट वाटते. ‘इफ… देन’, ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’, ‘आयदर… ऑर’ अशा काही जोड्या मात्र अजून पक्क्या आहेत.

इथे वाचकाला शंका येईल. ‘दो… येट’ चालत होतं, ‘इफ… देन’ चालतं, तर ‘ऑल्दो… बट’नेच काय घोडं मारलं? उत्तर शब्दाच्या जातीत आहे. ‘देन’ किंवा ‘स्टिल’ ही क्रियाविशेषणं आहेत. ती वाक्य जोडत नाहीत, नुसता रोख दाखवतात. ओळखायची खूण सोपी आहे : तो शब्द कर्त्याच्या पलीकडे सरकवून पाहा. ‘वुई स्टिल वेन्ट’ चालतं, म्हणजे ‘स्टिल’ सुटा शब्द आहे. ‘वुई बट वेन्ट’ चालत नाही. ‘बट’ला दोन वाक्यांच्या मधलीच जागा हवी. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई स्टिल वेन्ट’ हे वाक्य निर्दोष आहे. ज्यांना ‘तरी’शिवाय चैनच पडत नाही त्यांनी ‘स्टिल’ वापरावा. मराठी मनातली पोकळीही भरते आणि इंग्रजीचा नियमही मोडत नाही. ‘बिकॉज’च्या वाक्यात मात्र अशी भर घालायची गरज नसते. ‘देअरफोर’ कर्त्याच्या पलीकडे घातला तर व्याकरण मोडत नाही, पण वाक्य जड होतं.

‘डिस्पाइट ऑफ’ ही तिसरी चूक वेगळ्या कुळातली आहे. तिचा उगम इंग्रजीच्याच पोटात आहे. ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांचा अर्थ एकच, आणि ‘स्पाइट’ हा ‘डिस्पाइट’चाच आखूड झालेला अवतार आहे. पूर्वी ‘इन डिस्पाइट ऑफ’ असा लांबलचक प्रयोगही होत असे. आज त्यातून दोनच रूपं उरली आहेत, एक तीन शब्दांचं आणि एक एका शब्दाचं. शिकणारा दोन्ही एकत्र पाठ करतो आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला लावतो. त्यात ‘बिकॉज ऑफ’, ‘इन्स्टेड ऑफ’, ‘इन फ्रंट ऑफ’ ही सगळी भावंडं ‘ऑफ’वाली, मग एकटा ‘डिस्पाइट’च उघडा का, असं वाटतं. ‘टॉक अबाउट’च्या संगतीने ‘डिस्कस अबाउट’ होतं, ती हीच तऱ्हा.

‘ऑफ’ काढला तरी एक खड्डा राहतो. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ हेही चूक आहे, कारण ‘डिस्पाइट’ वाक्य जोडतच नाही. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर ‘ऑल्दो’ उभयान्वयी आहे आणि ‘डिस्पाइट’ शब्दयोगी. शब्दयोगी अव्ययाला नाम लागतं : ‘डिस्पाइट द रेन’. किंवा क्रियापदाचं नामासारखं वागणारं ‘इंग’वालं रूप लागतं : ‘डिस्पाइट बीइंग इल’. इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘आजारी असूनही तो आला’ यातलं ‘असूनही’ हे पूर्ण वाक्याचं क्रियापद नाही, तसंच ‘बीइंग’ही नाही. मनात वाक्य ‘असूनही’, ‘करूनही’, ‘सांगूनही’ अशा रूपात आलं तर इंग्रजीत ‘डिस्पाइट’ आणि ‘इंग’ घ्यावं. मनात ‘होता तरी’, ‘केलं तरी’ आलं तर ‘ऑल्दो’ घ्यावा आणि मधली जागा मोकळी सोडावी. एक सावधगिरी ठेवायची. ‘असूनही’ची पद्धत दोन्हीकडे कर्ता एकच असेल तेव्हाच सरळ चालते. ‘तो आजारी असूनही आम्ही गेलो’ याला ‘डिस्पाइट बीइंग इल, वुई वेन्ट’ म्हटलं तर इंग्रजीत आम्हीच आजारी ठरतो. अशा वेळी ‘डिस्पाइट हिज इलनेस’ किंवा सरळ ‘ऑल्दो’ बरा.

आता तिन्ही चुका एकत्र असलेला एक नमुना घेऊ. बी.कॉम. झालेला उमेदवार अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज लिहितो आहे.

‘ॲज आय हॅव कम्प्लीटेड बी.कॉम., सो आय ॲम अप्लाइंग फॉर धिस पोस्ट. डिस्पाइट ऑफ माय फादर्स इलनेस, आय कम्प्लीटेड द टॅली कोर्स. दो आय हॅव नो एक्स्पीरियन्स, बट आय ॲम विलिंग टु लर्न.’

मधलं वाक्य सर्वांत सोपं. ‘ऑफ’ खोडला की काम झालं, कारण पुढे ‘माय फादर्स इलनेस’ हे नामच आहे.

शेवटच्या वाक्यात एक शब्द खोडायचा आहे, पण कोणता, हे व्याकरण सांगणार नाही. ‘दो’ खोडला तर ‘आय हॅव नो एक्स्पीरियन्स’ हे पूर्ण वाक्य होतं. अनुभव नाही ही गोष्ट शिकायच्या तयारीइतक्याच मोठ्या आवाजात सांगितली जाते. ‘बट’ खोडला तर अनुभवाचा अभाव गौण वाक्यात जातो आणि शिकायची तयारी हे मुख्य वाक्य होतं. उमेदवाराच्या फायद्याचं हे दुसरं आहे. क्रम उलटा करून ‘आय ॲम विलिंग टु लर्न, दो आय हॅव नो एक्स्पीरियन्स’ लिहिलं तर व्याकरण ठीक, पण वाचणाऱ्याच्या लक्षात शेवटी उणीवच राहते. चूक करणारा दोन्ही शब्द ठेवतो तेव्हा त्याने ही निवड केलेलीच नसते. व्याकरणाच्या पलीकडे जोडीचं खरं नुकसान हेच.

पहिल्या वाक्यात ‘सो’ खोडला की व्याकरण सुधारतं. तरी वाक्य लंगडंच राहतं. बी.कॉम. झाल्यामुळे माणूस अर्ज करतो का? तो अर्ज करतो कारण त्याला नोकरी हवी आहे, बी.कॉम. ही पात्रता आहे. इथे कार्यकारण नव्हतंच, अर्जाची सुरुवात ‘ॲज’ने करायची सवय तेवढी होती. तेव्हा ‘आय हॅव अ बी.कॉम. डिग्री अँड वुड लाइक टु अप्लाय फॉर धिस पोस्ट’ असं ‘अँड’ने जोडलेलं साधं वाक्य जास्त खरं आहे. ‘ॲज… सो’ दिसलं की एक शब्द खोडण्याआधी पाहावं, दोन गोष्टींत खरंच कारण आणि परिणाम आहे का.

लिहिलेला मजकूर तपासताना एक मोजणी उपयोगी पडते. वाक्यातली पूर्ण क्रियापदं मोजायची, तेवढी उपवाक्यं. त्यांना जोडायला एक कमी इतके जोडशब्द पुरतात. दोन उपवाक्यांना एक, तीन उपवाक्यांना दोन. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट’ यात उपवाक्यं दोन आणि जोडशब्दही दोन, म्हणजे एक जादा. याच मोजणीने निर्दोष वाक्य विनाकारण बिघडवणंही टळतं. ‘आय वॉन्टेड टु गो, बट बिकॉज इट वॉज रेनिंग, आय स्टेड होम’ यात ‘बट’ आणि ‘बिकॉज’ शेजारी बसले आहेत, पण उपवाक्यं तीन आहेत. ‘बट’ पहिल्या वाक्याला पुढच्या सगळ्याशी जोडतो आणि ‘बिकॉज’ पावसाला घरी राहण्याशी. दोघांची कामं वेगळी आहेत. ‘बिकॉज सो मेनी पीपल केम’ यातला ‘सो’ तर जोडशब्दच नाही, तो ‘इतके’ या अर्थाचा आहे. ‘नॉट बिकॉज ही वॉज इल, बट बिकॉज ही वॉज बोअर्ड’ हेही बरोबर, कारण इथे ‘बट’ने दोन बरोबरीची कारणं समोरासमोर ठेवली आहेत.

मोजणी फसते ती लांब वाक्यात. ‘ऑल्दो’नंतर वीस-पंचवीस शब्दांचं उपवाक्य झालं की लिहिणारा सुरुवात विसरतो आणि ‘बट’ आपोआप येतो. जन्माने इंग्रजी बोलणारेही बोलण्याच्या ओघात असं घसरतात. त्यांचं ‘द रीझन इज बिकॉज’ही कारण दोनदा सांगतं आणि काटेकोर संपादक ते खोडतात. अशा ठिकाणी दोनच उपाय खरे आहेत. एक, मुख्य वाक्य आधी लिहायचं : ‘वुई वेन्ट, ऑल्दो…’. ‘बट वुई वेन्ट, ऑल्दो’ असं कोणाच्याही हातून लिहिलं जात नाही, कारण ‘तरी’ची ती मधली जागा आता ‘ऑल्दो’नेच भरलेली असते. दोन, वाक्य तोडायचं. पहिलं वाक्य पूर्णविरामाने संपवून दुसऱ्याची सुरुवात ‘बट’ने केली तर आजच्या इंग्रजीत ती चूक मानली जात नाही. ‘बट’ने वाक्य सुरू करू नये, असं शाळेत सांगितलेलं असतं. पण आधी ‘ऑल्दो’ नसेल तर त्या ‘बट’ला जन्माचं इंग्रजी बोलणारा संपादकही हात लावणार नाही.